गरोदरपणातला मधुमेह आणि दोन तासांनंतरची साखर

गरोदरपणातला मधुमेह म्हणजे गर्भ राहिल्यानंतर पहिल्यांदाच लक्षात आलेली रक्तातली वाढीव साखर. या आजारात बहुतेक स्त्रियांना काहीच त्रास जाणवत नाही. वारंवार लघवी, थकवा, जास्त तहान ही लक्षणं निरोगी गरोदरपणातही असतात, त्यामुळे त्यांवरून अंदाज बांधता येत नाही. तपासणी केली तरच तो सापडतो, आणि म्हणूनच ती प्रत्येक गरोदर स्त्रीची करायची असते. वजन जास्त असलेल्या किंवा घरात मधुमेह असलेल्या स्त्रियांपुरती ती ठेवून चालत नाही. सडपातळ, शेतात राबणाऱ्या, विशीतल्या स्त्रीलाही हा मधुमेह होतो.

त्याचं मूळ वारेत आहे. गर्भाला अखंड साखर मिळत राहावी, यासाठी वारेतून काही संप्रेरकं आईच्या रक्तात येतात आणि तिच्या इन्शुलिनचा परिणाम कमी करतात. साधारण विसाव्या आठवड्यानंतर हा विरोध वाढत जातो. निरोगी स्त्रीचं स्वादुपिंड त्याच्या जोडीने जास्त इन्शुलिन तयार करतं आणि साखर आटोक्यात राहते. ज्या स्त्रीच्या स्वादुपिंडाची ही जादा क्षमता अपुरी असते, तिची साखर वाढू लागते, आणि ती आधी वाढते जेवणानंतरच. उपाशीपोटीचा आकडा कितीतरी दिवस निर्दोष दिसू शकतो. भारतीय स्त्रियांमध्ये हे विशेषत्वाने आढळतं, म्हणून नुसती उपाशीपोटीची साखर तपासून निर्धास्त होणं धोक्याचं आहे.

आईची साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, पण आईचं इन्शुलिन जात नाही. मग जादा साखर वापरण्यासाठी बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन बनवू लागतं. इन्शुलिन हे वाढ करणारं संप्रेरक असल्यामुळे बाळ अंगाने भरतं. खांद्यांवर आणि पोटावर चरबी साठते आणि प्रसूतीत खांदा अडकण्याची भीती निर्माण होते. नाळ कापताच आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाच्या अंगातलं इन्शुलिन लगेच कमी होत नाही. त्यामुळे जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. डेन्मार्कचे डॉक्टर पेडरसन यांनी मांडलेला हा कार्यकारणभाव आजही या उपचारांचा पाया आहे. आईच्या बाजूने पाहिलं तर रक्तदाब वाढणं, गर्भजल जास्त होणं आणि सिझेरियनची शक्यता वाढणं हे धोके असतात.

भारतातल्या सरकारी दवाखान्यांत जी चाचणी होते ती एकाच टप्प्याची आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा पुरस्कार केला आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी ती स्वीकारली. तिचं वैशिष्ट्य असं की गरोदर स्त्रीने उपाशी असण्याची गरज नाही. वाडीवस्तीवरून दोन वाहनं बदलून आलेल्या बाईला 'उद्या उपाशीपोटी या' असं सांगितलं की ती बहुधा परत येत नाही. या अनुभवातूनच ही पद्धत पुढे आली. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यायला देतात. पिऊन झाल्याची नव्हे, प्यायला सुरुवात केल्याची वेळ लिहून ठेवतात आणि बरोबर दोन तासांनी रक्तातली साखर मोजतात. ती १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह समजायचा. हे सगळे आकडे एका डेसिलिटर रक्तद्रवातल्या साखरेचे आहेत. दोन तासांची साखर २०० किंवा जास्त असेल, तर मधुमेह गर्भधारणेपूर्वीपासूनच असण्याचा संभव असतो आणि त्या स्त्रीला लगेच तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवावं लागतं.

ही चाचणी दोनदा करायची असते. पहिली नाव नोंदवायला आल्यावर लगेच, मग तो कितवाही महिना असो. ती निर्दोष आली तर दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. दोन्हींमध्ये किमान चार आठवड्यांचं अंतर हवं. पहिल्या वेळी 'साखर नाही' असं कळल्यावर दुसऱ्या वेळी टाळाटाळ होते आणि नेमका तिथेच आजार निसटतो, कारण वारेचा प्रभाव तोवर वाढलेला असतो.

चाचणी चुकण्याच्या जागा साध्या असतात. ग्लुकोज मोजून न घेता चमच्यांच्या अंदाजाने दिलं जातं. दोन तासांऐवजी सव्वा तासाने रक्त घेतलं जातं, कारण एस.टी. निघायची वेळ झालेली असते. मधल्या वेळात बाई बाहेर जाऊन चहा-बिस्किट खाऊन येते. या दोन तासांत तिने दवाखान्यातच बसून राहायचं असतं, काही खायचं नसतं आणि फार चालायचंही नसतं. गोड पाण्याने मळमळ होणं स्वाभाविक आहे. घोट घोट प्यायल्यास आणि पाणी थोडं गार असल्यास ती कमी होते. ग्लुकोज प्यायल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. अर्ध्या तासानंतर झाली तर ती तशीच पुढे चालू ठेवतात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. अनेक देशांत उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तीन वेळा रक्त घेतात आणि उपाशीपोटी ९२, एका तासाला १८० किंवा दोन तासांना १५३ यांपैकी एकही आकडा गाठला गेला तरी निदान करतात. हे निकष २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासावर उभे आहेत. नऊ देशांतल्या सुमारे पंचवीस हजार गरोदर स्त्रियांची साखर आणि त्यांच्या बाळांचं वजन त्यात ताडून पाहिलं होतं. साखर वाढेल तसा धोका सलग वाढत जातो आणि त्यात 'इथपर्यंत सुरक्षित' अशी ठळक पायरी नाही, हे त्यातून दिसलं. भारतीय एकटप्पी चाचणीत काही रुग्ण निसटतात, विशेषतः ज्यांची फक्त उपाशीपोटीची साखर वाढलेली असते त्या. परंतु सगळ्या गरोदर स्त्रियांपर्यंत पोहोचू शकणारी साधी चाचणी आणि थोड्याच जणींना मिळणारी काटेकोर चाचणी यांत पहिलीची निवड योग्यच म्हणावी लागेल. खासगी रुग्णालयात उपाशीपोटीची चाचणी सांगितली, तर गोंधळून जायचं कारण नाही. निकष वेगळा असला तरी पुढचे उपचार आणि साखरेचं उद्दिष्ट जवळपास सारखंच असतं.

ते उद्दिष्ट असं: उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर एका तासाने १४० च्या खाली आणि दोन तासांनी १२० च्या खाली. इथे दोन आकड्यांची गल्लत फार होते. १४० ही ग्लुकोज पाजून केलेल्या निदानाची रेषा आहे. रोजच्या जेवणानंतर दोन तासांची साखर मात्र १२० च्या आत हवी. दुसरी गल्लत प्रयोगशाळेच्या कागदामुळे होते. त्यावर जेवणानंतरच्या साखरेसमोर 'सामान्य मर्यादा १४० पर्यंत' असं छापलेलं असतं. ती मर्यादा गरोदर नसलेल्यांसाठी असते. १३२ चा आकडा घेऊन बाई समाधानाने घरी जाते, आणि तिच्या पोटातल्या बाळाला मात्र ती साखर जास्त होत असते. निरोगी गरोदर स्त्रीची साखर मुळातच कमी असते: उपाशीपोटी सत्तरीच्या आसपास आणि जेवणानंतर दोन तासांनी शंभराच्या आसपास. उद्दिष्ट इतकं कडक का, याचं उत्तर यातच आहे.

ते प्रत्यक्षात कसं गाठायचं, हे एका कल्पित पण नेहमी आढळणाऱ्या उदाहरणावरून पाहू. सव्वीस वर्षांची, पहिलटकरीण, सव्विसावा आठवडा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर १५६ आली. तिला लगेच औषध दिलं जात नाही. दोन आठवडे आहार आणि चालणं, मग पुन्हा तपासणी, असा क्रम असतो. पहिलं काम परिचारिकेचं, आणि ते सल्ला देण्याचं नसून विचारण्याचं आहे: काल सकाळपासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं? उत्तर येतं ते असं. उठल्यावर दोन चमचे साखरेचा चहा आणि बिस्किटं, नऊ वाजता ताटलीभर पोहे आणि पुन्हा चहा, दुपारी दोन भाकरी, बटाट्याची भाजी, वर वरणभात, संध्याकाळी दोन केळी, रात्री पुन्हा भाकरी आणि भात. सासूबाई 'दोन जिवांची आहेस' म्हणून वाढत राहतात.

यात कोणताच पदार्थ विषासारखा नाही. अडचण आहे ती पिठूळ पदार्थ एकाच वेळी साठण्याची आणि डाळी, उसळी, अंडी, भाज्या यांच्या कमतरतेची. म्हणून उपाशी ठेवणारा तक्ता हातात देणं चूक ठरतं. गरोदरपणात रोज किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं लागतातच. ती फार तोडली तर शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून तयार होणारी आम्लं बाळासाठी चांगली नसतात आणि बाळाचं वजनही खुरटतं. तेवढीच कर्बोदकं तीन जेवणांत आणि दोन-तीन मधल्या खाण्यांत वाटून घ्यायची. जेवताना भाकरी किंवा भात यांपैकी एकच मुख्य ठेवायचं, दोन्ही हवेच असतील तर दोन्ही अर्धे. बटाट्याऐवजी पालेभाजी किंवा गवार, त्यासोबत मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, आणि काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. फळ जेवणाबरोबर नको, मधल्या वेळी एक पुरे, आणि रस तर नकोच. चहातली साखर बंद. गूळ आणि मध 'नैसर्गिक' म्हणून चालतात ही समजूत घराघरांत आहे, पण रक्तातली साखर दोन्हींनी तशीच वाढते.

दोन आठवड्यांनी तिचे आकडे येतात: उपाशीपोटी ८८, दुपारच्या जेवणानंतर ११२, रात्रीच्या जेवणानंतर ११६, पण नाश्त्यानंतर १४६. हे चित्र अगदी नेहमीचं आहे. सकाळी शरीरातली काही संप्रेरकं वाढलेली असतात आणि इन्शुलिन कमी परिणाम करतं, म्हणून तेच पोहे संध्याकाळी जेवढी साखर वाढवतात त्याहून सकाळी जास्त वाढवतात. इथे सगळा आहार कमी करायला सांगणं निरर्थक आहे, दुरुस्ती नाश्त्याचीच हवी. पोह्यांऐवजी मुगाचं एक धिरडं आणि दही, किंवा एक पोळी आणि दोन अंड्यांची भुर्जी, आणि नाश्त्यानंतर घरच्या अंगणात पंधरा मिनिटं चालणं. चालताना स्नायू इन्शुलिनची फारशी मदत न घेता साखर ओढून घेतात, त्यामुळे हा परिणाम त्याच दिवशी मीटरवर दिसतो. पुढच्या तपासणीत नाश्त्यानंतरची साखर ११८ येते. रक्तस्राव, मुदतपूर्व कळा किंवा गर्भाशयाच्या तोंडाला घातलेला टाका असेल, तर मात्र चालण्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारायचं.

आकड्यांवर भरवसा ठेवायचा तर ते नीट घेतलेले हवेत. घरी ग्लुकोमीटर असेल तर परिचारिकेने एकदा दाखवून, दुसऱ्यांदा त्या बाईकडूनच करून घ्यावं. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. केळं सोललेल्या बोटावर राहिलेला गोडवा आकडा भलताच फुगवतो, आणि ओल्या बोटावरचं पाणी तो खाली आणतं. टोचायचं बोटाच्या टोकाला नव्हे, बाजूला. तिथे दुखतं कमी. बोट फार पिळायचं नाही. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं आणि मुदत पाहायची. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. आकड्याशेजारी काय खाल्लं हेही वहीत लिहिलं, तर वाढलेला आकडा त्या स्त्रीला दोष देत नाही, पदार्थ दाखवतो. दवाखान्यात भीतीने आकडे 'चांगले' करून लिहिणाऱ्या स्त्रिया असतात. रागावणारी परिचारिका ही बहुतेक वेळा त्यामागचं कारण असते.

बत्तिसाव्या आठवड्यात, आहार तोच असूनही, तिची नाश्त्यानंतरची साखर १३४ आणि मग १३८ येते. यात तिची चूक नाही. वारेचा जोर वाढला आहे. इथे डॉक्टर मेटफॉर्मिनच्या गोळ्या किंवा इन्शुलिन सुरू करतात. सरकारी सूचनांनुसार इन्शुलिनची सुरुवात अशा आकड्यांना सकाळच्या नाश्त्याआधी चार युनिटसारख्या लहान मात्रेने होते आणि मग साखर पाहून ती वाढवली जाते. मात्रा ठरवण्याचं काम डॉक्टरांचंच. 'सुई लागली म्हणजे आता आयुष्यभर' ही भीती मात्र परिचारिकेने त्याच वेळी काढावी. या मधुमेहात बहुतेक स्त्रियांचं इन्शुलिन वार पडल्यावर बंद होतं. ते वार ओलांडत नाही, त्यामुळे बाळालाही बाधत नाही.

इन्शुलिनच्या बाबतीत सर्वांत घातक चूक सिरिंजची असते. भारतात बाटलीतलं इन्शुलिन बहुधा मिलिलिटरमागे ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्शुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी जोडी झाली, तर मात्रा अडीच पट वाढते. म्हणून बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा रोज जुळवून पाहायचा. दुधाळ इन्शुलिनची बाटली तळहातांत हळूच फिरवायची, जोरात हलवायची नाही. मांडीवर किंवा पोटावर त्वचेखाली, जागा बदलत टोचायचं. बाटली फ्रिजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. फ्रिज नसेल तर पाण्याने गार राहणाऱ्या मातीच्या मडक्यात, बाटलीला पाणी लागू न देता ठेवता येते. टोचल्यावर जेवण टाळायचं नाही. हरितालिकेसारखा निर्जळी उपास या काळात करू नये. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपासही साखर चढवतोच, कारण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ.

हात थरथरणं, घाम, धडधड, अचानक कडकडून भूक, डोकं हलकं होणं ही साखर उतरल्याची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवीत. साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजायला वेळच नसेल, तर तीन चमचे ग्लुकोज पेलाभर पाण्यात लगेच प्यायचं आणि बसून राहायचं. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच, आणि मग पोळीभाजीसारखं खाणं. शुद्ध हरपलेल्या बाईच्या तोंडात काही घालू नये, तिला ताबडतोब दवाखान्यात न्यावं.

शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हालचालींवर लक्ष ठेवणं आईच्याच हातात असतं. जेवणानंतर कुशीवर पडून बाळ सहा वेळा हलायला किती वेळ लागतो ते पाहायचं.  दोन तासांत सहा हालचाली झाल्या नाहीत, तर रात्र असो की दिवस, दवाखाना गाठायचा. हालचाली एकाएकी मंदावल्याचं जाणवलं, तर मोजणी पूर्ण होण्याची वाट पाहायची नाही. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी आणि चेहऱ्यावर सूज ही रक्तदाब वाढल्याची लक्षणंही तितकीच तातडीची.

साखर आटोक्यात असेल आणि दुसरी गुंतागुंत नसेल तर प्रसूती नैसर्गिक होऊ शकते. मधुमेह आहे एवढ्याच कारणाने सिझेरियन लागत नाही. कळा आपोआप सुरू झाल्या नाहीत, तर सहसा एकोणचाळीस आठवडे भरल्यावर त्या आणल्या जातात. प्रसूती जिथे नवजात बाळाची साखर तपासता येते अशाच ठिकाणी व्हावी. बाळाला पहिल्या तासाच्या आत अंगावर घेणं हा त्याची साखर घसरू न देण्याचा पहिला उपाय आहे. टाचेला टोचून मोजलेली साखर ४५ च्या खाली आली, तर डॉक्टर पुढचे उपचार करतात. मध किंवा साखरेचं पाणी चाटवून हा प्रश्न सुटत नाही, उलट जंतुसंसर्गाचा धोका येतो.

वार पडल्यावर आईची साखर झपाट्याने उतरते, आणि आजार संपला असं घरचे धरून चालतात. डिंकाचे, अळिवाचे लाडू, शिरा, तुपातली खीर सुरू होते. पण या स्त्रियांना पुढच्या काळात कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी उपाशीपोटी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायची. तिच्यात उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० हे आकडे गाठले तर मधुमेह कायम आहे असं समजतात. दोन तासांची साखर १४० ते १९९ दरम्यान असेल तर तो उंबरठ्यावर आहे. निर्दोष आली तरी दर वर्षी एकदा, आणि पुढच्या गरोदरपणात नाव नोंदवतानाच, साखर तपासायची. सगळ्यांत जास्त चुकवली जाते ती ही सहा आठवड्यांची चाचणी. बाळाच्या दीड महिन्याच्या लशी त्याच सुमारास येतात. त्या दिवशी आईने सकाळी काही न खाता यावं आणि लस टोचून होईपर्यंत आपलीही चाचणी करून घ्यावी, एवढं परिचारिकेने आणि आशाताईंनी माता-बाल कार्डावर तारखेसह लिहून द्यावं.